भाताच्या बुडातली गोळी : कोणाचं देणं किती

गेल्या आठवड्यात लावणीच्या गोळीबद्दल लिहिलं तेव्हा तिघा-चौघांनी विचारलं, की ही पद्धत तुमची का? नाही. ती डॉ. एन. के. सावंत यांची. त्यांची माझी कधी गाठ पडली नाही. ती माझ्यापर्यंत आणली आमच्या भागातल्या एका कृषी सहायकांनी, जे आता निवृत्त आहेत. त्यांना मी साहेबच म्हणतो. त्यांचं नाव इथं टाकू का विचारलं तर म्हणाले, "नाव नको. आभार मानायचेच असतील तर काय बदललं तेवढं नेमकं लिहा. नुसतं 'साहेबांमुळे शेती सुधारली' लिहिलं तर वाचणाऱ्याच्या हाताला काय लागणार?"

म्हणून हे टिपण. सावंत डॉक्टरांचं देणं कुठलं, त्यांच्या आधीच्यांचं कुठलं, साहेबांचं कुठलं आणि आमच्या खाचरात नेमकं काय बदललं, ते एकेक करून लिहितो.

आधी काय होतं

भोर आणि वेल्हे (आता राजगड तालुका) म्हणजे भाताचा मुलूख. आमचं शिवरे पुणे-सातारा रस्त्याच्या बाजूला, त्यामुळे पश्चिमेकडच्या गावांसारखा धो-धो पाऊस आमच्याकडे नाही, पण खाचरं आहेत आणि भात आहे. माझ्या आज्याच्या काळी आंबेमोहर असायचा. उंच वाढणारा, वासाचा, आणि खत जास्त झालं की आडवा पडणारा.

१९५३ च्या सुमाराला देशभर 'जपानी भातशेती'ची मोहीम निघाली. तिची सुरुवातीची प्रात्यक्षिकं मुंबईत बोरिवलीच्या कोरा केंद्रात झाली होती. गादीवाफ्यावर रोप करा, बी विरळ टाका, रांगेत लावा, खत द्या, कोळपणी करा, असं ते सगळं. जुन्या माणसांच्या तोंडी 'जपानी पद्धत' हा शब्द अजून आहे. पण रांगेची लावणी बऱ्याच ठिकाणी टिकली नाही, कारण दोरी धरायला दोन माणसं लागतात आणि लावणीच्या दिवसांत माणूस सोन्याच्या भावाचा.

पुढे साठच्या दशकाच्या शेवटाला बुटक्या जाती आल्या, त्यांच्याबरोबर युरिया आला. आमच्याकडे १९८७ साली वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राची इंद्रायणी आली आणि आज बहुतेक खाचरात तीच दिसते. युरिया द्यायची रीत मात्र सगळीकडे एकच. लावणीच्या वेळी एक हात, फुटव्याला एक हात, पोटरीच्या आधी एक हात. पाण्यात फेकायचा आणि घरी यायचं.

पाण्यात फेकलेल्या युरियाचं काय होतं

हे समजल्याशिवाय सावंत डॉक्टरांचं काम समजत नाही, म्हणून थोडं थांबून सांगतो.

युरिया पाण्यात विरघळला की दोन-चार दिवसांत त्याचा अमोनिया व्हायला लागतो. खाचरातल्या पाण्यात शेवाळ असतं. दिवसा उन्हात ते वाढतं तेव्हा पाण्याचा सामू वर चढतो, आणि चढलेल्या सामूत अमोनिया वायू होऊन हवेत निघून जातो. ही झाली पहिली गळती.

दुसरी गळती चिखलात. पाणी साचलेल्या खाचरात मातीचा अगदी वरचा पातळ पापुद्रा तांबूस असतो, कारण त्याला पाण्यातून थोडी हवा मिळते. त्याच्या खालचा चिखल काळसर-निळसर असतो, तिथे हवा नाही. वरच्या थरात अमोनियाचं नायट्रेट होतं. ते नायट्रेट पाण्याबरोबर खाली उतरलं, की बिनहवेच्या थरातले जिवाणू त्याचा वायू करून टाकतात. तोही हवेत. हे कोडं जपानच्या मृदाशास्त्रज्ञांनी, शिओइरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, १९३०-४० च्या काळात उलगडलं. म्हणजे इथलं पहिलं देणं जपानचं.

या दोन वाटांनी इतका नत्र जातो, की पाण्यात फेकलेल्या युरियातला साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या आसपासच भाताला लागतो. बाकीचा आपण विकत घेतो आणि हवेला देतो.

उपायही या कोड्यातच होता. नत्र सुरुवातीपासूनच खालच्या बिनहवेच्या थरात ठेवला, तर तो अमोनियमच्या रूपात मातीच्या कणांना चिकटून राहतो. त्याचं नायट्रेट होत नाही, पाण्यात येत नाही, हवेत जात नाही. मुळं तिथपर्यंत पोचली की हळूहळू उचलतात. जपानमध्ये यासाठी मातीच्या गोळ्यात खत भरून चिखलात दाबायचे. सत्तरच्या दशकात फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत यावर काम झालं. १९७४ साली अमेरिकेत अलाबामा राज्यात मसल शोल्स इथं आंतरराष्ट्रीय खत विकास केंद्र सुरू झालं. तिथे युरियाच्या मोठ्या गोळीवर काम झालं आणि त्या कामात आपले सावंत डॉक्टर होते. १९९० साली त्यांनी स्टँगेल या सहकाऱ्याबरोबर भातात युरियाची गोळी खोल देण्याची तत्त्वं आणि रीत यावर सविस्तर शोधनिबंध लिहिला. बांगलादेशात 'गुटी युरिया' म्हणून शेतकरी वापरतात ती याच घराण्यातली गोळी.

सावंत डॉक्टरांचं नेमकं काय

गोळी त्यांच्या एकट्याची नाही. गिरिपुष्पाचा पाला भातात घालणंही नवं नव्हतं आणि रांगेची लावणी तर आपल्या आज्याच्या वेळची. त्यांचं काम म्हणजे चार गोष्टी एकमेकींत बसवून, मोजून, छोट्या खाचराला झेपतील अशा केल्या. त्याला 'चारसूत्री भात लागवड' नाव पडलं आणि नव्वदच्या दशकापासून ती कोकणात आणि मावळपट्ट्यात पसरली. चार सूत्रं अशी :

पहिलं, भाताच्या अवशेषांचा भातालाच फेरवापर. तुसाची काळी राख रोपाला, पेंढा खाचराला.
दुसरं, गिरिपुष्पाचा हिरवा पाला.
तिसरं, मोजून लावणी, १५ आणि २५ सेंटीमीटरच्या आलटूनपालटून अंतरावर.
चौथं, युरिया-डीएपीची गोळी, चार चुडांत एक.

तिसरं आणि चौथं सूत्र एकमेकांसाठीच केलेलं आहे आणि माझ्या मते डॉक्टरांची खरी हुशारी तिथे आहे. खोल गोळी देण्याची मोठी अडचण अशी, की ती हातानं द्यावी लागते. नेहमीच्या दाट लावणीत गोळी कुठे दाबायची, पाय कुठे ठेवायचा, कुठली जागा झाली न् कुठली राहिली, काही कळत नाही. १५-२५ च्या लावणीत चार चूड १५ बाय १५ च्या चौकोनात येतात आणि दोन चौकोनांमध्ये २५ ची गल्ली राहते. गोळी चौकोनाच्या मधोमध, पाय गल्लीत. चारही चुडांना गोळी सारख्याच अंतरावर. हिशेबही सोपा. एक चौकोन आणि त्याची गल्ली मिळून ४० बाय ४० सेंटीमीटर जागा. म्हणजे हेक्टरी ६२,५०० चौकोन, तेवढ्याच गोळ्या. एक गोळी २.७ ग्रॅमची, म्हणजे हेक्टरी १७० किलोच्या आसपास. चूड मात्र चौरस मीटरला २५ राहतात, त्यामुळे विरळ लावल्याचं नुकसान नाही.

गोळीत ६० भाग युरिया आणि ४० भाग डीएपी असतं. म्हणजे स्फुरदही त्याच गोळीत, वेगळं टाकायचं काम नाही. पालाश मात्र तिच्यात नाही. तो शिफारशीप्रमाणे चिखलणीला वेगळा द्यावाच लागतो.

साहेबांचं देणं : एका वर्षाला एकच बदल

आता साहेबांचं. चारसूत्रीची घडीपत्रिका कृषी खात्याकडून बऱ्याच जणांना मिळाली असेल. साहेबांनी ती वाचून दाखवली नाही. ते म्हणाले, "चारही सूत्रं एकदम केलीत तर भात चांगला येईल, पण कशानं आला ते तुम्हाला कळणार नाही. आणि मग पुढच्या वर्षी मजूर मिळाले नाहीत की कुठलं सोडायचं आणि कुठलं धरून ठेवायचं, ते कसं ठरवणार?"

आमचं ओढ्याकडचं खाचर १० गुंठ्यांचं आहे. मध्ये छोटा बांध घालून त्याचे पाच-पाच गुंठे केले. २०११ चा खरीप. दोन्हीकडे रोप तेच, इंद्रायणी. लावणी एकाच दिवशी, दोन्हीकडे १५-२५ च्या दोरीनं. पालाश दोन्हीकडे सारखा. फरक फक्त एक. ओढ्याकडच्या पाच गुंठ्यांत गोळी, रस्त्याकडच्या पाच गुंठ्यांत नेहमीसारखं, लावणीला स्फुरद आणि युरिया तीन हातांनी.

दोरीची तयारी : सुतळीला १५, २५, १५, २५ अशा अंतरावर रंगीत चिंधी बांधली. दोरी रांगेच्या दिशेनं ताणायची, चिंधीपाशी चूड, एका चुडात दोन-तीन काड्या. दोरी पुढे सरकवताना आधी १५, मग २५. त्यासाठी तेवढ्या लांबीच्या दोन काठ्या कापून ठेवल्या, म्हणजे दर वेळी मोजायला नको. लावणाऱ्या बायांना पहिल्या दोन-तीन ओळींना वैताग आला. चौथ्या ओळीपासून हात बसला.

गोळ्या किती? पाच गुंठे म्हणजे सुमारे ५०६ चौरस मीटर. त्याला ०.१६ नं भागलं की साधारण ३,१५० गोळ्या, म्हणजे साडेआठ किलो. त्यात युरिया पाच किलोच्या थोडा वर आणि डीएपी साडेतीन किलोच्या आत. दोन्ही मिळून नत्र तीन किलोच्या आसपास. रस्त्याकडच्या बाजूला शिफारशीच्या हिशेबानं नत्र पाच किलो, म्हणजे जवळपास ११ किलो युरिया.

द्यायची रीत साहेबांनी स्वतः चिखलात उतरून दाखवली. लावणी झाल्या दिवशीच, पाणी दोन-तीन सेंटीमीटरवर आणायचं. गल्लीत पाय, डाव्या बाजूच्या चौकोनात एक, उजव्या बाजूच्या चौकोनात एक, पुढचं पाऊल. गोळी बोटाच्या टोकाशी धरून तर्जनी सबंध आत जाईपर्यंत दाबायची, म्हणजे ७ ते १० सेंटीमीटर खोल. बोट काढलं की तिथे भोक राहतं. ते त्याच बोटानं चिखल ओढून बुजवायचं. हे शेवटचं काम सगळ्यात जास्त चुकतं, कारण पाठ दुखायला लागली की माणूस भोकं उघडी ठेवून पुढे जातो. भोक उघडं राहिलं, की गोळी विरघळून त्याच वाटेनं वर पाण्यात येते आणि फेकलेल्या युरियात न् तिच्यात काही फरक राहत नाही. दोघं मिळून आम्ही पाच गुंठे दोन-अडीच तासांत उरकले.

बरोबर झालं की नाही, कसं ओळखायचं

साहेबांनी तीन खुणा सांगितल्या. अजूनही आम्ही त्याच बघतो.

पहिली खूण पिशवीत. गोळ्या आधी वजन करून घ्यायच्या. काम संपल्यावर पिशवीत किलो-दीड किलो उरलं, तर तेवढे चौकोन राहिलेत. शिल्लक गोळ्या घरी न नेता ओळी परत बघायच्या.

दुसरी खूण पाण्यात, चार-सहा दिवसांनी. गोळी वर राहिली असेल किंवा भोक उघडं असेल, तर त्या जागी हिरव्या शेवाळाचा ठिपका दिसतो, कारण नत्र पाण्यात आलेला असतो. सगळं पाणी सारखं नितळ दिसलं तर काम चांगलं झालं.

तिसरी खूण पानात, वीस-पंचवीस दिवसांनी. पहिले दहा-बारा दिवस गोळीचं खाचर शेजारच्यापेक्षा फिकं दिसतं, आणि तिथेच माणूस घाबरून वरून युरिया फेकतो. फेकू नये. मुळं अजून गोळीपर्यंत पोचलेली नसतात. पंधरा दिवसांनंतर रंग भरायला लागतो. पंचविसाव्या दिवशी गर्द हिरव्या खाचरात चार-चार चुडांचे फिके ठिगळ दिसले, तर तेवढे चौकोन गोळीविना राहिले असं समजायचं. आमच्याकडे त्या वर्षी अशी अकरा ठिगळं निघाली.

त्या वर्षीचं झोडणीनंतरचं, वाळवलेलं भात दोन्हीकडचं वेगळं मोजलं. रस्त्याकडचं २०५ किलो, गोळीकडचं २४० किलो. फेकण्याच्या फेऱ्या तीनच्या जागी शून्य आणि नत्र जवळपास चाळीस टक्के कमी. एका खाचराचा एका वर्षाचा हा आकडा आहे. दुसऱ्याच्या जमिनीत तो असाच येईल असं नाही. पण लावणी, रोप आणि पालाश दोन्हीकडे सारखं असल्यामुळे हा फरक खताच्या रीतीचा आहे, एवढं आम्हाला खात्रीनं म्हणता आलं. साहेबांचं देणं ते हे.

रोप आणि राख

२०१२ ला बदल रोपात. आपल्याकडे राब भाजायची रीत जुनी. टाहाळ, शेण, गवत, पातेरा रचून जाळायचा आणि त्या जागेवर बी टाकायचं. त्यानं तण मरतं आणि राखही मिळते. पण त्यासाठी दरवर्षी झाडं खरवडावी लागतात आणि जे शेण खाचरात जायला हवं ते जळून जातं.

तुसाच्या राखेत मुख्य जिन्नस सिलिका. भात हे सिलिका भरपूर खाणारं पीक आहे. पानाची धार हाताला कापते ती सिलिकामुळेच. रोपाला ती मिळाली की पान ताठ उभं राहतं, खोड कडक होतं आणि खोडकिडीच्या अळीला आत शिरायला जड जातं. सावंत डॉक्टरांनी भातातल्या सिलिकावर परदेशी शास्त्रज्ञांबरोबर १९९७ साली मोठा आढावा लिहिला. पहिलं सूत्र त्यांनी का घेतलं, ते त्यावरून कळतं.

राख काळी हवी, पांढरी नको. तुसाचा ढीग करून मधे विस्तव ठेवायचा, ज्वाळा न होऊ देता धुमसत ठेवायचा आणि काळं झालं की पाणी मारून थांबवायचं. फार तापून पांढरी झालेली राख दिसायला छान, पण तिच्यातली सिलिका घट्ट होऊन बसते, रोपाला लवकर मिळत नाही. प्रमाण चौरस मीटरला अर्धा ते एक किलो, बी टाकण्याआधी गादीवाफ्याच्या वरच्या मातीत मिसळून. पाच गुंठ्यांच्या लावणीला अर्ध्या गुंठ्याचं रोप, म्हणजे २५ ते ५० किलो राख. भात गिरणीवर तूस मिळतं.

आम्ही निम्म्या वाफ्याला राख घातली, निम्मा वाफा तसाच ठेवला. फरक उपटणीला कळला. राखेच्या वाफ्यातलं रोप मुळासकट सहज सुटतं, काडी जाड, पान ताठ, आणि लावल्यावर लवकर उभं राहतं. तसल्याच रोपाची दोन-तीन काड्यांची चूड पुरते. नाजूक रोप असेल तर बाया आपोआप पाच-सहा काड्या धरतात आणि तिसरं सूत्र तिथेच मोडतं. राखेमुळे उत्पन्न किती वाढलं ते आम्ही वेगळं मोजलेलं नाही, म्हणून त्याचा आकडा देत नाही. राब भाजणं मात्र त्या वर्षापासून बंद झालं. टाहाळ तोडायचे आठ-दहा दिवस वाचले आणि शेण खाचरात गेलं.

पहिल्या सूत्राचा दुसरा भाग म्हणजे हेक्टरी दोन टन पेंढा खाचरात गाडणं. तो आम्ही करत नाही. आमच्याकडे पेंढा म्हणजे जनावराची वैरण, तो शेणाच्या वाटेनंच परत जातो. डॉक्टरांच्या चार सूत्रांतलं हे अर्धं आमच्याकडे बसलं नाही, हेही लिहायला हवं.

गिरिपुष्प

२०१३ ला बांधावर गिरिपुष्पाची छाटं लावली. आपल्याकडे याला उंदीरमारीही म्हणतात. मूळचं मध्य अमेरिकेतलं झाड. छाट पावसाच्या सुरुवातीला लावलं की जगतं. दोन वर्षांनी कापण्याजोगा पाला झाला. हेक्टरी तीन टन, म्हणजे पाच गुंठ्यांना दीडशे किलो ओला पाला, लावणीच्या किमान सात दिवस आधी पसरून चिखलणीत गाडायचा. आयत्या वेळी घातला तर कुजताना त्याचा त्रास नव्या रोपालाच होतो. कोवळ्या फांद्या कुजतात, जून काड्या कुजत नाहीत. त्या लावणीच्या दिवशी वेचून बांधावर टाकायच्या, नाहीतर लावणाऱ्यांच्या पायात घुसतात.

यातून नत्र हेक्टरी दहा-पंधरा किलोच मिळतो, गोळीच्या मानानं थोडा. पण चिखल मऊ होतो आणि बोट सात सेंटीमीटर सहज जातं. म्हणजे दुसरं सूत्र चौथ्याच्या मदतीला येतं. हे घडीपत्रिकेत नव्हतं, आम्हाला खाचरात कळलं.

कुठे चालत नाही

आभाराच्या टिपणात ही बाजू सुटली, तर वाचणाऱ्याचं नुकसान होतं. म्हणून तीन गोष्टी.

ज्या खाचरात पाणी टिकत नाही, मुरमाड आहे, सकाळी भरलं की संध्याकाळी रिकामं, तिथे गोळी देऊ नये. पाण्याबरोबर नत्र मुळाच्या खाली निघून जातो. आमच्याच वरच्या अंगाच्या टेपाडावर गोळीनं फरक दिसला नाही. तिथे युरिया थोडा थोडा, पाणी कमी करून देणंच बरं.

गोळी पावसाळी हवेत ओल धरते. पिशवी उघडी राहिली की गोळ्या एकमेकींना चिकटून लगदा होतो. लावणीच्या दिवशी लागतील तेवढ्याच बाहेर काढायच्या.

तिसरी आणि मोठी, मजूर. आमच्या बाजूला रस्त्यालगत कारखाने आणि गोदामं झाली, तरुण माणूस तिकडे जातो. पाच गुंठ्यांना दोन माणसांचे अडीच तास म्हणजे एकराला दोघांचे चांगले तीन दिवस. हा खर्च धरूनच हिशेब करा. ज्याच्याकडे घरची माणसं आहेत आणि खाचर लहान आहे त्याला हे परवडतं. पाच-सहा एकर भात मजुरावर करणाऱ्याला प्रत्येक वेळी परवडेल असं मी म्हणणार नाही.

नाव नीट लागावं म्हणून

आता आमच्या भागात या पद्धतीला कोणी चारसूत्री म्हणत नाही, 'गोळी पद्धत' म्हणतात. चारांतलं एकच सूत्र लोकांच्या तोंडी राहिलं. परिणाम असा, की वेड्यावाकड्या लावणीत गोळ्या टाकतात, दोन चुडांना एक लागते, सहा चुडांना एकही नाही, खाचर ठिगळाठिगळाचं दिसतं आणि मग म्हणतात, "गोळीत काही दम नाही." दोष दोरी न लावण्याचा आणि नाव जातं गोळीचं. ज्यानं चार गोष्टी एकमेकींत बसवल्या त्याचं नाव विसरलं, की त्या गोष्टीही एकमेकींपासून सुटतात. म्हणून हे लिहिणं.

तर आमचा हिशेब असा. चिखलाचे दोन थर आणि नत्र कुठे जातो हे ज्ञान जपानच्या शास्त्रज्ञांचं. १५-२५ च्या चौकोनात गोळी, काळी राख आणि पाला यांची सांगड डॉ. सावंतांची. एका वर्षाला एकच बदल करून बघायची शिस्त साहेबांची. चाळीस टक्के कमी नत्र, राबाचा बंद झालेला जाळ, बांधावरची गिरिपुष्पाची रांग आणि त्या पाच गुंठ्यांतलं ३५ किलो जास्तीचं भात, एवढं आमच्याकडे त्यातून आलं. दोघांचेही मनापासून आभार.

यंदा कोणी गोळी देणार असेल तर पाच गुंठेच घ्या, मधे बांध घाला, आणि दोन्हीकडचं भात वेगळं मोजा. दोरीला चिंध्या बांधायचं काम मृगाच्या आधी उरकून ठेवा, नंतर सवड मिळत नाही.